ठरलं, झालं, उद्या: मैत्रिणीला पाठवायची रोजची ओळ

*मी नोकरी सांभाळून पीएचडीचा प्रबंध लिहिते आहे आणि माझी मैत्रीण जर्मनच्या परीक्षेची तयारी करते आहे. आम्ही ठरवलं होतं की रोज रात्री एकमेकींना एक ओळ पाठवायची, आज काय झालं याची. पहिले दोन आठवडे छान गेले. मग ओळी ‘आज थोडं झालं’, ‘आज नाही जमलं गं, उद्या नक्की’ अशा व्हायला लागल्या आणि उत्तरं ‘मस्त!’, ‘होईल गं’ अशी. दोनदा तर मी न लिहिलेली पानं लिहिली म्हणून कळवलं. आता बारा दिवस झाले, तिचीही ओळ नाही आणि माझीही नाही. विचारायलाही ओशाळल्यासारखं होतं. हे पुन्हा सुरू करावं की सोडून द्यावं? करायचं तर कसं?*

*— एक वाचक*

सुरू करा. मात्र जुनी ओळ जशीच्या तशी सुरू केलीत तर पुन्हा दोन-तीन आठवड्यांत इथेच येऊन थांबाल, कारण दोघींचा उत्साह कमी पडला असं मला तुमच्या पत्रातून दिसत नाही. ओळीची घडणच अशी होती की ती पोकळ होणार होती.

‘आज थोडं झालं’ हे वाक्य तुमच्या मैत्रिणीच्या जागी बसून वाचा. तिने यावर काय विचारावं? थोडं म्हणजे किती, कशातलं, काल ठरलं होतं तेच की दुसरंच, यातलं काहीच तिला माहीत नाही. मग ‘मस्त’ म्हणण्यावाचून तिच्या हाती काही उरत नाही. आणि रोज ‘मस्त’ येणार हे माहीत असलं की ओळ नेमकी लिहिण्याचं कारणही उरत नाही. दोन्हीकडून एकदमच ढिलाई येते. म्हणून ओळीची माझी कसोटी एकच आहे: ती वाचून समोरच्या व्यक्तीला कामाबद्दल एक नेमका प्रश्न सुचतो का? सुचत नसेल, तर ती ओळ पाठवली काय आणि न पाठवली काय, सारखंच.

ओळीचा मूळ उपयोग नोंद होण्यात आहे. शेफील्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली याच विषयावरचे १३८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत मिळून जवळपास वीस हजार माणसं होती. आपण कुठवर आलो हे माणूस नियमित तपासत राहिला तर ठरवलेलं गाठायला मदत होते, आणि ती प्रगती लिहून ठेवली किंवा दुसऱ्याला कळवली तर ही मदत वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुमच्या योजनेत लिहिणं आणि कळवणं दोन्ही आहे, म्हणून ती मुळात चांगली आहे. फक्त ‘थोडं’ या शब्दात ना काही लिहिलं जातं, ना काही कळवलं जातं.

आता नवी ओळ. तिचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागाचं नाव रोज तेच ठेवा: ठरलं, झालं, उद्या. उदाहरणार्थ:

> ठरलं: तक्ता १ वर दोन परिच्छेद. झालं: दोन. उद्या: रात्री ९, तक्ता २, सर्वांत मोठ्या आकड्यापासून दोन परिच्छेद.

साधारण वीस शब्द. लिहायला एक मिनिट पुरतं, वाचायला दहा सेकंद. पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे गेली की समजावं, तिच्यात सबब किंवा मनःस्थिती शिरली आहे. मन मोकळं करायचं असेल तर खुशाल करा, पण वेगळ्या निरोपात.

‘ठरलं’ हा भाग कालच्या ओळीतल्या ‘उद्या’वरून शब्दशः उचलायचा. हा नियम किरकोळ वाटतो, पण माझ्या मते सगळा सांगाडा यावरच उभा आहे. काल ‘तक्ता २’ म्हटलं होतं आणि आज संदर्भसूची नीट लावत बसलात, तर एरवी ‘आज दोन तास काम झालं’ असं खरंच लिहिता आलं असतं आणि कुणालाच काही कळलं नसतं. कालचे शब्द समोर ठेवले की काम बदललेलं लगेच दिसतं. बदलायला हरकत नाही. कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. पण ते दिसलं पाहिजे.

‘उद्या’ या भागात वेळ आणि पहिली कृती, दोन्ही हवीत. ‘उद्या प्रकरण ३’ हा नुसता विषय झाला. नऊ वाजता फाइल उघडून बसलात की प्रकरण ३ मध्ये नेमकं काय करायचं हे ठरवण्यातच वीस मिनिटं जातात, आणि दिवसभराच्या नोकरीनंतर ती वीस मिनिटं सर्वांत जड जातात. म्हणून ते ठरवणं आदल्या रात्रीच उरकायचं. पहिली कृती अशी असावी की खुर्चीत बसल्यापासून एका मिनिटात तिला हात घालता येईल: तक्ता उघडणे, त्यातला सर्वांत मोठा आकडा शोधणे, त्यावर एक वाक्य लिहिणे. ‘विचार करणे’, ‘बघणे’, ‘सुरुवात करणे’ ही क्रियापदं या भागात आली की थांबून दुसरं क्रियापद शोधा.

यानंतर मापाचा प्रश्न येतो. बरेच जण तासांत मोजतात, कारण ते सोपं असतं. पण तास नुसते बसूनही भरतात. शब्दसंख्या मोजली तर वाक्यं फुगायला लागतात, आणि ज्या दिवशी दोनशे शब्द काढून टाकणं हेच खरं काम असतं त्या दिवशी आकडा उणे येतो. प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्याला परिच्छेद हे माप मला सर्वांत बरं वाटतं. परिच्छेद झाला की नाही हे सांगता येतं, तो फाइलमध्ये राहतो, आणि आठवड्याने कुणी विचारलं तर दाखवता येतो. खर्डा संपून दुरुस्ती सुरू झाली की माप बदला: तपासून पूर्ण केलेली पानं. टप्पा बदलला तरी जुनं माप चालू राहणं ही नेहमीची गडबड आहे. तीन दिवस ‘शून्य परिच्छेद’ येतं, प्रत्यक्षात बारा पानं तपासून झालेली असतात, आणि माणूस उगाच हिरमुसतो.

तुमच्या मैत्रिणीचंही तेच. ‘अर्धा तास जर्मन’ या मापात गाडीत जाता-येता लावलेली ध्वनिफीतही बसते आणि शब्दांच्या यादीवरून फिरवलेली नजरही. त्याऐवजी ‘२० नवे शब्द लिंगासकट, झाकून विचारले, १३ आले’ असं कळवलं की काम काय झालं आणि किती पक्कं झालं हे दोन्ही कळतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारूही शकता, ‘राहिलेले सात कोणते गं?’ दोघींची मापं अशी वेगवेगळी आहेत हे एका परीने बरंच आहे. दोघी प्रबंधच लिहीत असत्या तर तिचे चार परिच्छेद आणि आपला एक, ही तुलना पहिल्याच आठवड्यात सुरू झाली असती.

माप ठरलं की त्याचे दोन आकडे ठरवा. एक नेहमीच्या दिवसाचा, समजा दोन परिच्छेद. दुसरा किमान, म्हणजे वाईट दिवशीही जमेल तेवढा. किमान ठरवताना बहुतेक जण चांगला दिवस डोळ्यांसमोर आणतात आणि तिथेच चुकतात. तुम्ही गेल्या महिन्यातला सर्वांत थकलेला दिवस आठवा आणि त्या रात्री काय झालं असतं ते लिहा. तुमच्यासाठी मी असं सुचवेन: एक परिच्छेद, किंवा काम अडलं असेल तर पंधरा मिनिटं त्यावर बसून नेमकं काय अडलंय ते एका वाक्यात. हा दुसरा पर्याय पळवाट वाटेल. त्याचा उपयोग खालच्या उदाहरणात दिसेल.

आणि किमान आकडा आठवड्याच्या मध्ये वाढवायचा नाही. मंगळवारी चार परिच्छेद झाले की ‘किमान तीन करूया’ असं वाटतंच. गुरुवारी तेच ‘तीन’ अंगावर येतात आणि शुक्रवारी ओळ येत नाही.

एक आठवडा घेऊन पाहू. समजा तुम्ही तिसऱ्या प्रकरणात सहा तक्त्यांची चर्चा लिहिता आहात. सोमवारी वरची ओळ गेली, दोन परिच्छेद झाले. पुढचे दिवस असे:

> मंगळ. ठरलं: रात्री ९, तक्ता २, सर्वांत मोठ्या आकड्यापासून दोन परिच्छेद. झालं: एक. उद्या: ९, तक्ता २, दुसरा परिच्छेद.
>
> बुध. ठरलं: ९, तक्ता २, दुसरा परिच्छेद. झालं: शून्य, घरी यायलाच दहा. उद्या: ९, तक्ता २, दुसरा परिच्छेद.
>
> गुरु. ठरलं: ९, तक्ता २, दुसरा परिच्छेद. झालं: परिच्छेद शून्य, १५ मिनिटं बसले, आकडे जुळत नाहीत. उद्या: ९, तक्ता २, दुसरा परिच्छेद.
>
> शुक्र. ठरलं: ९, तक्ता २, दुसरा परिच्छेद. झालं: शून्य. उद्या: तक्ता २.

जुन्या पद्धतीत हाच आठवडा ‘थोडं झालं’, ‘नाही जमलं’, ‘थोडं झालं’, ‘नाही जमलं गं’ असा दिसला असता आणि तुम्ही स्वतःला आळशी ठरवलं असतं. इथे मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते: ‘उद्या’च्या जागी तेच काम सलग चौथ्यांदा आलं आहे. बुधवारची गोष्ट सोडून द्या, त्या दिवशी वेळच नव्हता. पण गुरुवारी वेळ होता, बसणंही झालं आणि परिच्छेद झाला नाही. शुक्रवारच्या ओळीत तर ९ वाजताची वेळही गळून पडली. ‘उद्या’मधून वेळ किंवा पहिली कृती गायब होणं ही टाळाटाळ सुरू झाल्याची अगदी पहिली खूण असते. शून्यही सहसा त्यानंतरच यायला लागतात.

मी जो नियम सुचवते तो असा: तेच काम ‘उद्या’मध्ये तिसऱ्यांदा आलं की समोरचीने त्याच रात्री एक प्रश्न विचारायचा. इथे मैत्रिणीने गुरुवारीच विचारायला हवं होतं: ‘तक्ता २ मध्ये कोणते आकडे जुळत नाहीत?’ समजा ती शुक्रवारी विचारते आणि तुम्ही शोधून सांगता की तक्त्यात एकूण प्रतिसाद २०९ येतात आणि दुसऱ्या प्रकरणात मात्र तुम्ही २१२ लिहिले आहेत. म्हणजे अडलेलं काम लिहिण्याचं नव्हतंच. मूळ माहितीतले तीन प्रतिसाद कुठे गेले ते शोधायचं होतं, आणि या कामाला ‘दुसरा परिच्छेद’ असं चुकीचं नाव मिळाल्यामुळे तुम्ही रोज चुकीच्या दारावर थाप मारत होतात. नवी ओळ:

> उद्या: सकाळी १०, मूळ फाइल, वयाचा रकाना रिकामा असलेले प्रतिसाद वेगळे काढणे.

शनिवारी वीस मिनिटांत तीन रिकामे रकाने सापडतात, तक्त्याखाली टीप जाते आणि दुसरा परिच्छेद त्याच बैठकीत होतो. गुरुवारच्या ओळीत ‘आकडे जुळत नाहीत’ हे तीन शब्द नसते तर मैत्रिणीला विचारायला काही मिळालंच नसतं. अडलेलं एका वाक्यात लिहिणं मी किमान कामात धरते ते यासाठी.

आता उत्तराबद्दल. ओळीला उत्तर म्हणून रोज फक्त ‘वाचलं’ची खूण द्या, अंगठा किंवा तुम्हाला आवडेल ते चिन्ह. कौतुक बंद करा असं मी म्हणते तेव्हा अनेकांना ते कोरडं वाटतं. पण चार परिच्छेदांना ‘वा!’ आणि एकाला नुसता अंगठा, असं आठवडाभर चाललं की शून्याच्या दिवशी ओळ पाठवणं जड जायला लागतं. ‘वा’ मिळणार नाही हे माहीत असतं ना. सगळ्या ओळींना एकच खूण मिळाली की शून्य पाठवणं आणि चार पाठवणं सारखंच सोपं राहतं. प्रकरण पूर्ण झालं तर जरूर फोन करून आनंद साजरा करा. रोजच्या ओळीवर नको.

सल्लाही न विचारता देऊ नका. ‘सकाळी लवकर उठून बघ ना’ हे एकदा ऐकलं की पुढच्या वेळी खरं कारण लिहिताना हात आखडतो. प्रश्न विचारायचा तर कामाबद्दल विचारा: कुठे अडलं, कोणता भाग राहिला. ‘का नाही केलंस?’ हा माणसाबद्दलचा प्रश्न आहे. त्याला उत्तर म्हणून सबबच येते.

शून्याला ओळीत जागा हवी. ‘झालं: शून्य’ ही पूर्ण, वैध ओळ आहे. चालत नाही ते फक्त गप्प बसणं. एखादा दिवस चुकल्याने काही कोसळत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या एका नव्या सवयीचा १२ आठवडे मागोवा घेतला होता. एखादी संधी हुकल्याने सवय जडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, असं त्यांना आढळलं. हा अभ्यास २०१० साली छापून आला. तुमचं गाडं शून्याच्या दिवसांमुळे बिघडलं असं मला वाटत नाही. शून्य लिहायची सोय नव्हती, म्हणून ते दिवस आधी गोलमाल शब्दांत आणि मग शांततेत गेले, त्यामुळे बिघडलं.

शांततेसाठी आधीच ठरवून ठेवा. रात्री अकरापर्यंत ओळ आली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचीने एकच शब्द पाठवायचा: ‘ओळ?’ नेहमी तोच शब्द, पुढे-मागे काही नाही. शब्द ठरलेला असला की पाठवणारीला संकोच वाटत नाही आणि मिळालेलीला तो टोमणा वाटत नाही. तुम्हा दोघींना बारा दिवस जे ओशाळं वाटलं ते मुख्यतः यामुळे, की पहिल्या चुकलेल्या दिवसानंतर काय म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं आणि प्रत्येक दिवसागणिक जे म्हणायचं ते अवघड होत गेलं. सलग दोन दिवस ओळ नसेल तर तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांचा फोन. चुकलेल्या दिवसांच्या ओळी मागाहून भरायच्या नाहीत. तीन दिवसांचा हिशेब आठवून लिहिताना माणूस नकळत तो गोड करून लिहितो.

ओळ चुकली तर दंड ठेवावा का, असं पुष्कळ जण विचारतात. मैत्रीत तरी ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही तो पूर्वीइतका खाली आला नाही. त्यावरचा अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांचा २००० सालचा लेख प्रसिद्ध आहे. पैसे भरले की संकोच संपतो. तुमच्या ओळीमागे आहे तो मैत्रिणीचा संकोच, तोच विकून टाकण्यात अर्थ नाही.

राहता राहिल्या त्या दोन खोट्या ओळी. त्यासाठी लांबलचक कबुलीची गरज नाही. नव्याने सुरू करताना एक वाक्य पुरे: ‘दुरुस्ती: मागे दोनदा पानं झाली म्हणून कळवलं होतं, ती झालेली नव्हती.’ क्षमायाचना नको, कारणं नकोत, म्हणजे तिलाही तुमची समजूत काढत बसावं लागणार नाही. ही दुरुस्ती मात्र टाळू नका. जी ओळ खोटी होती हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तिला नाही, ती राहिली की पुढच्या प्रत्येक खऱ्या ओळीवरचा तुमचाच विश्वास पातळ होतो. कदाचित तिच्याकडूनही एखादी दुरुस्ती येईल. आली तर अंगठा द्या आणि पुढे चला.

पुढे पुन्हा तसं होऊ नये म्हणून रोज फोटो किंवा पुरावा मागण्याचा मोह होईल. नको. रोज पुरावा मागणारी मैत्रीण तपासनीस होते आणि तपासनिसाला चुकवण्यात लोकांना मजा येऊ लागते. त्यापेक्षा माप असं ठेवा की ज्याचा माग आपोआप उरतो, आणि आठवड्यातून एकदा तो दोघींनी मिळून पाहा.

त्या साप्ताहिक फोनला पंधरा मिनिटं द्या, रविवारी किंवा जो दिवस सोयीचा असेल त्या दिवशी. आधी प्रत्येकीने आपल्या आठवड्याच्या ओळी मोठ्याने वाचायच्या. वाचतानाच निम्मं काम होतं, कारण एकाखाली एक ठेवल्या की आपल्याच ओळी वेगळ्या दिसतात. मग एकच गोष्ट मोजायची: ‘ठरलं’ आणि ‘झालं’ किती दिवस जुळले. सातपैकी चार-पाच दिवस जुळत असतील तर काही हलवू नका. सात दिवस सहज जुळत असतील आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर नेहमीचा आकडा थोडा वाढवून पाहा, किमान आकडा मात्र तोच राहू द्या. तीन किंवा कमी जुळले तर कामाचे तुकडे मोठे आहेत किंवा वेळ चुकीची आहे. हे दोन कसे ओळखायचे? बसूनही होत नसेल तर तुकडा मोठा, बसणंच होत नसेल तर वेळ चुकीची. वरच्या उदाहरणात शनिवारपर्यंत सहापैकी दोनच दिवस जुळले. पण चार चुकलेल्या दिवसांत वेळेमुळे चुकला तो फक्त बुधवार. बाकीचे एकाच अडलेल्या तक्त्याने खाल्ले. हे कळल्यावर रात्री नऊची वेळ बदलण्याचं कारणच उरत नाही. शेवटी पुढच्या आठवड्याचा एक टप्पा एका वाक्यात सांगायचा आणि फोन ठेवायचा. गप्पा मारायच्या तर त्यानंतर.

ओळीसाठी जागा वेगळी ठेवा. नेहमीच्या चॅटमध्ये ती गप्पा, फोटो आणि लिंकांखाली गाडली जाते आणि रविवारी शोधत बसावं लागतं. व्हॉट्सअॅपवर दोघींचाच एक वेगळा ग्रुप काढला तरी काम भागतं. त्यात ओळ, खूण आणि प्रश्न एवढंच यावं. निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय त्या ग्रुपमध्ये बंद आहे ना, तेवढं पाहा, नाहीतर रविवारी वाचायला काही उरणार नाही. वेळ दोघींची एकच असण्याची गरज नाही. पण काम संपवून उठल्यावर लगेच, झोपायला टेकण्याआधी ओळ गेली पाहिजे. अंथरुणातून लिहिलेल्या ओळीत ‘उद्या’ हा भाग जवळजवळ नेहमीच पोकळ असतो.

ओळी सलग शून्य येत आहेत, कारणांत ‘झोप लागत नाही’, ‘कशातच मन नाही’ असं वारंवार दिसतंय, असं झालं तर मात्र नियम, माप सगळं बाजूला ठेवून एकमेकींशी बोला आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे जा. तो प्रश्न ओळीने सोडवण्याचा नाही.

मुदतही घाला. ‘कायम’ असं ठरवलेली गोष्ट थांबवताना भांडल्यासारखं वाटतं, चार आठवड्यांची ठरवलेली गोष्ट आपोआप संपते आणि पुढे चालवायची का हे मोकळेपणाने विचारता येतं. तिची परीक्षा आधी झाली तर तिला केवळ तुमच्यासाठी ओळ पाठवायला लावू नका. तिच्याजवळ स्वतःचं नवं काम नसेल तर ती नुसती वाचणारी होईल, आणि असं एकतर्फी फार दिवस टिकत नाही. अशा वेळी ज्याचं काही चालू आहे असं दुसरं कुणी शोधा.

आज रात्री तिला पाठवायचा निरोप एवढाच असू द्या:

> बारा दिवस ओळ नाही, दोघींचीही. सोमवारपासून चार आठवडे पुन्हा करूया? रोज ठरलं-झालं-उद्या, शून्यही चालेल, ‘मस्त’ नको, रविवारी पंधरा मिनिटं फोन. दुरुस्ती: मागे दोनदा पानं झाली म्हणून कळवलं होतं, ती झालेली नव्हती. माझं सोमवारचं: रात्री ९, तक्ता १ उघडून पहिलं वाक्य.

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे ती ‘हो’ म्हणो वा न म्हणो, तुमची पहिली ओळ गेलेली असेल. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा आणि सरळ विचारा, तुला हे आत्ता हवंय का. नको म्हणाली तर ते मैत्रीवर घेऊ नका. विभागातल्या प्रबंध लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणाला विचारा, फक्त त्याचं प्रकरण तुमच्यापेक्षा वेगळ्या टप्प्यावर असेल असं पाहा.